ठेकेदाराचा हप्ता रोखताना पाठवायचे पत्र: बेसा येथील एका घराचा हिशेब मांडून

घरबांधणीत ठेकेदाराचा हप्ता रोखण्याचा प्रसंग बहुतेक वेळा शेवटच्या तृतीयांशात येतो. स्लॅब पडेपर्यंत काम डोळ्यांना दिसते आणि पैसेही त्याच वेगाने जातात. मग फरशी, पुट्टी, बाथरूमच्या टाइल्स यांची वेळ येते, मजूर एक दिवस येतात आणि चार दिवस येत नाहीत, आणि त्याच सुमारास ठेकेदार पुढच्या टप्प्याचे बिल पाठवतो. अशा वेळी घरमालक एकतर रागाने फोनवर बोलतो किंवा काहीही न लिहिता पैसे देणे थांबवतो. दोन्हींत त्याचेच नुकसान होते, कारण कारण न सांगता थांबवलेला हप्ता कागदावर केवळ थकबाकी म्हणून दिसतो, आणि आपण काम बंद केले ते मालकाने पैसे थकवले म्हणून, असे म्हणायला ठेकेदार मोकळा होतो.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. ते कल्पित असले तरी त्यातील आकडे नेहमीच्या व्यवहारासारखे ठेवले आहेत. नागपूरच्या बेसा भागात 1,400 चौरस फुटांचे घर, साहित्यासह 1,700 रुपये चौरस फूट दराने ठेका, म्हणजे एकूण 23,80,000 रुपये. करारातील सहावा टप्पा असा आहे: ‘सर्व खोल्यांची फरशी व स्कर्टिंग, बाथरूमच्या टाइल्स आणि आतील भिंतींना पुट्टीचे दोन हात पूर्ण झाल्यावर एकूण रकमेच्या 12 टक्के.’ ही रक्कम 2,85,600 रुपये होते. टप्पा 15 मार्चपर्यंत पूर्ण व्हायचा होता आणि ठेकेदाराने 10 मे रोजी ‘काम झाले आहे’ असे म्हणून बिल पाठवले.

करारातील टप्प्याचे वाक्य आधी वाचावे

पत्र लिहायला बसण्यापूर्वी टप्प्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कारण हप्ता रोखण्याचा सगळा आधार त्या वाक्यातच असतो. आपल्या उदाहरणात ‘पूर्ण झाल्यावर’ हे शब्द आहेत आणि स्कर्टिंगचाही उल्लेख आहे. दोन खोल्यांत स्कर्टिंग बसलेच नसेल, तर टप्पा अपूर्ण आहे हे सांगायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. याउलट जिन्याच्या रेलिंगला गंज आला असेल, पण रेलिंग आठव्या टप्प्यात मोजली जाणार असेल, तर ती तक्रार या पत्रात आणू नये. एका टप्प्याचे पैसे दुसऱ्या टप्प्यातील दोषासाठी रोखले की पत्राची बाजू तिथेच कच्ची पडते.

लेखी करार नसेल, आणि आपल्याकडे ओळखीच्या ठेकेदाराशी असा व्यवहार पुष्कळ वेळा तोंडीच होतो, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेले दरपत्रक, आधीच्या हप्त्यांच्या बँकेतील नोंदी आणि ‘फरशी झाली की इतके द्यायचे’ अशा अर्थाचे जुने संदेश शोधून काढावेत. आधीचे पाच हप्ते कोणत्या कामानंतर दिले गेले यावरूनही सहावा कशासाठी होता हे दाखवता येते.

करारात ठेकेदाराला काम थांबवण्याचा हक्क देणारे कलम आहे का, हेही याच वेळी पाहावे. ‘बिल मिळाल्यापासून सात दिवसांत रक्कम न मिळाल्यास काम थांबवता येईल’ असे कलम असेल, तर आपले पत्र त्या सात दिवसांच्या आतच गेले पाहिजे.

पाहणी: काय मोजावे आणि कसे

‘फिनिशिंग खराब आहे’ या वाक्याला काही किंमत नाही, कारण त्याला ‘मला तर ठीक दिसते’ हे उत्तर पुरेसे असते. म्हणून दोषाला जागा, संख्या आणि माप असले पाहिजे.

फरशीपासून सुरुवात करावी. हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या 60 टाइल्स आहेत असे धरू. प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध नाण्याने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके वाजवावे. खाली मसाला पूर्ण बसला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर डबडब असा पोकळ येतो. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे सिमेंटचा घोळ तिला नीट धरत नाही. त्यात मिस्त्रीने घाईत मसाला सगळीकडे न पसरता चार गोळे ठेवून टाइल दाबली असेल, तर मधला भाग रिकामाच राहतो आणि पुढे कपाट सरकवताना किंवा जड भांडे पडल्यावर टाइल तडकते. पोकळ जागेवर खडूने गोल करावा, टाइलला क्रमांक द्यावा आणि हॉलचा साधा नकाशा काढून त्यावर ते क्रमांक लिहावेत.

येथे थोडा न्यायबुद्धीचा प्रश्न येतो. आपल्या हॉलमध्ये समजा 16 टाइल्स कुठे ना कुठे पोकळ वाजल्या, पण त्यांपैकी पाचांचा केवळ एक छोटा कोपरा वाजतो आणि त्या भिंतीलगत आहेत. त्या पाच सोडून द्याव्यात आणि सोडल्या आहेत असे पत्रात लिहावे. उरलेल्या 11 टाइल्स निम्म्याहून अधिक पोकळ आहेत किंवा दाराच्या येण्याजाण्याच्या जागी आहेत. 16 वर अडून बसण्यापेक्षा 11 वर ठाम राहणे फायद्याचे, कारण त्रयस्थ माणूस घरात आला तरी त्या 11 टाइल्स त्याच्यासमोरही तशाच वाजतील.

बाथरूममध्ये एक बादली पाणी दाराच्या बाजूने ओतावे आणि वीस मिनिटे थांबावे. उतार बरोबर असेल तर पाणी नहाणी ट्रॅपकडे निघून जाते आणि फरशीवर केवळ ओल उरते. कमोडमागच्या कोपऱ्यात डबके राहिले, तर त्याची लांबी, रुंदी आणि खोली पट्टीने मोजून पट्टीसहित फोटो काढावा. ढोबळ मापाने मीटरला दहा मिलिमीटर उतार मिळाला पाहिजे. नागपुरात मे महिन्यात हे तपासताना वेळ पाळणे महत्त्वाचे आहे, कारण दुपारी तासाभरात डबके आपोआप आटते आणि ‘पाणी तर गेले’ असे म्हणायला जागा मिळते.

भिंतींच्या पुट्टीतील दोष दिवसा सहसा दिसत नाहीत. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून धरावा, म्हणजे प्रकाश भिंतीवरून घसरत जातो आणि प्रत्येक लाट, पत्र्याचा ओरखडा व ठिगळ सावलीने उठून दिसते. मग सहा फुटांची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी भिंतीला लावून मधली फट मोजावी. आपल्या उदाहरणात मुख्य शयनकक्षाच्या दोन भिंतींवर ही फट 5 ते 6 मिलिमीटर आहे. भिंतीवर केसासारख्या जाळीदार भेगा असतील, तर गिलाव्याला पाणी कमी पडले असण्याची शक्यता मोठी असते. एप्रिलच्या उन्हात गिलावा भराभर सुकतो, आणि सात दिवस नीट पाणी न मारता त्यावर पुट्टी चढवली की खालचा गिलावा आकसतो व भेग वर येते. मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग हा फिनिशिंगचा विषय नाही. तिच्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे आणि तिचा या पत्रात निकाल लावण्याचा प्रयत्न करू नये.

ही पाहणी शक्यतो ठेकेदाराच्या उपस्थितीत करावी. आदल्या दिवशी संदेश पाठवून वेळ कळवावी, पाहणीचा कागद दोन प्रतींत करावा आणि त्याची सही मागावी. तो आला नाही किंवा त्याने सही केली नाही, तर तसे कागदावर लिहून हजर असलेल्या शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची सही घ्यावी.

किती रोखावे

टप्पा पूर्ण नाही म्हणून सगळे 2,85,600 रुपये रोखता येतील का? कराराचा अक्षरशः अर्थ घेतला तर पुष्कळदा हो. पण मी तसा सल्ला देणार नाही. नागपुरातील बांधकामांवर बालाघाट, शिवनी, छत्तीसगड या भागांतून आलेले पुष्कळ मजूर असतात, आणि आठवड्याची मजुरी मिळाली नाही तर ते दुसऱ्या साइटवर किंवा गावाकडे निघून जातात. संपूर्ण हप्ता रोखला की दुरुस्ती करणारे हातच उरत नाहीत. शिवाय 60 पैकी 49 टाइल्सबद्दल तुमची काहीही तक्रार नसताना त्यांचेही पैसे अडवणे पुढे कुठेही समर्थनीय ठरत नाही.

म्हणून दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा. आपल्या घरासाठी तो असा आला असे धरू: 11 टाइल्स उखडून नव्याने बसवणे 9,000 रुपये, बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंगसह उतार पुन्हा करणे 26,000, दोन भिंती घासून पुन्हा पुट्टी 11,000 आणि राहिलेले स्कर्टिंग 6,000. बेरीज 52,000 होते. दुसऱ्याचे काम दुरुस्त करायला मिस्त्री सहजी तयार होत नाहीत, आणि जुनी टाइल काढताना शेजारची फुटते, म्हणून अंदाजाच्या दीडपट, म्हणजे 78,000 रुपये रोखावेत. उरलेले 2,07,600 रुपये पत्र पाठवण्याच्या दिवशीच बँकेतून द्यावेत. हे पैसे गेलेले असणे हा पत्रातील सर्वांत भक्कम मुद्दा असतो.

उशिराचा हिशेब यापासून वेगळा ठेवावा, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. 15 मार्च ते 10 मे हे 56 दिवस होतात. पण टाइल्सचा रंग ठरवायला घरच्यांनीच 12 दिवस अधिक घेतले होते. ते आपणहून वजा करावेत, म्हणजे ठेकेदाराच्या बाजूचे 44 दिवस उरतात. या काळात मनीषनगरातील भाड्याच्या घराचे महिना 12,000 रुपयांप्रमाणे सुमारे 17,600 रुपये गेले. करारात दिवसाला अमुक इतका दंड असे कलम नसेल, तर ही रक्कम या हप्त्यातून परस्पर कापू नये, कारण ती अद्याप कोणी मान्य केलेली नाही. दंडाचे कलम असले तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते आणि करारातील आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. पत्रात हा दावा राखून ठेवला आहे एवढे लिहावे. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, वेळ हा कराराचा गाभा असताना मुदतीनंतर झालेले काम तुम्ही स्वीकारले, तर भरपाई मागण्याचा इरादा स्वीकारतानाच कळवावा लागतो. तुमच्या करारात वेळेला ते स्थान आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. एका वाक्याने तो धोका टळत असेल तर ते वाक्य लिहावेच.

पत्राचा मजकूर

वरील सर्व तयारी झाल्यावर पत्र लांबत नाही. ते साधारण असे असावे:

> दिनांक 13 मे
>
> श्री. ……… यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> विषय: बेसा येथील घराच्या सहाव्या टप्प्याचे बिल व त्यातील अंशतः रोखलेली रक्कम.
>
> आपले 10 मे रोजीचे 2,85,600 रुपयांचे बिल मिळाले. करारानुसार हा टप्पा सर्व खोल्यांची फरशी व स्कर्टिंग, बाथरूमच्या टाइल्स आणि पुट्टीचे दोन हात पूर्ण झाल्यावर देय आहे. 12 मे रोजी सकाळी आपल्या उपस्थितीत पाहणी केली असता पुढील बाबी आढळल्या. हॉलमधील सोबतच्या नकाशात क्रमांक दिलेल्या 11 टाइल्स पोकळ आहेत (इतर पाच टाइल्समधील किरकोळ पोकळी मी सोडून दिली आहे). मुख्य बाथरूममध्ये कमोडमागे पाणी ओतल्यानंतर वीस मिनिटांनीही डबके राहते. मुख्य शयनकक्षाच्या पूर्व व उत्तर भिंतींवर सहा फुटी पट्टीखाली 5 ते 6 मिलिमीटर फट आहे. मागील दोन खोल्यांत स्कर्टिंग बसवलेले नाही.
>
> समाधानकारक झालेल्या कामापोटी 2,07,600 रुपये आज आपल्या खात्यात जमा केले आहेत. उरलेले 78,000 रुपये वरील चार कामे पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवत आहे. ही रक्कम मी नाकारलेली नाही. चारही कामे 28 मेपर्यंत पूर्ण करून संयुक्त पाहणीत तशी खात्री झाल्यावर तीन दिवसांत ती दिली जाईल.
>
> हा टप्पा 15 मार्चला पूर्ण व्हायचा होता. माझ्याकडून टाइल्स निवडण्यास लागलेले अधिकचे 12 दिवस वगळता 10 मेपर्यंत 44 दिवसांचा उशीर झालेला आहे. या उशिरामुळे झालेल्या भाड्याच्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे. त्यापोटी या हप्त्यातून काहीही कापलेले नाही.
>
> साइट आपल्या माणसांसाठी रोज सकाळी आठ ते सायंकाळी सात खुली आहे. 28 मेपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर मला ती दुसऱ्याकडून करून घ्यावी लागेल. प्रत्यक्ष खर्च बिलांसह कळवून तेवढा वजा करीन व शिल्लक आपणांस देईन.
>
> कळावे.
> आपला,
> ………
>
> सोबत: पाहणीचा कागद, नकाशा, 14 फोटो, रक्कम जमा केल्याची पावती.

या मजकुरात ‘फसवणूक’, ‘पोलीस’, ‘बदनामी’ असे शब्द नाहीत, आणि ते मुद्दाम टाळले आहेत. ‘ही रक्कम मी नाकारलेली नाही’ हे वाक्य मात्र काढू नये. त्यामुळे रोखलेली रक्कम आणि थकबाकी यांतला फरक स्पष्ट राहतो. मुदत 28 मे का, यालाही कारण आहे. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, आणि आतली दुरुस्ती मे महिन्यात उरकली तरच त्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगकडे माणसे वळवता येतात.

पाठवल्यानंतर

पत्राची सही केलेली प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी आणि तीच पीडीएफ व्हॉट्सॲपवरही द्यावी. व्हॉइस नोट पाठवू नये, कारण तिच्यातील रागाचा सूर नंतर तुमच्याच विरुद्ध वाजवून दाखवता येतो. त्या संभाषणातील आपोआप पुसले जाणारे संदेश ही सोय बंद आहे का ते पाहावे आणि जुना फोन विकू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा दाखल करताना उपकरणाविषयीचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

ठेकेदाराचे पहिले उत्तर बहुधा फोनवरच येते: “साहेब, पहिले पूर्ण हप्ता सोडा, माणसं गावाला चालली, मग मी काय करू?” येथे मजुरांना परस्पर पैसे देण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्यानंतर ठेकेदार कोण आणि मालक कोण याचाच घोळ होतो. त्याऐवजी काम तुकड्यांत सोडावे: बाथरूम झाले की त्याच्या वाट्याचे 39,000 रुपये त्याच दिवशी देतो, असे कळवावे. 26,000 ची दीडपट तेवढीच होते. फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठवावे.

दुसरे नेहमीचे उत्तर असे असते की, करारात शेवटचे पाच टक्के सहा महिन्यांसाठी ठेवलेच आहेत, दोष निघाल्यास त्यातून घ्या. आपल्या करारातही अशी 1,19,000 रुपयांची अनामत आहे असे धरले, तरी ती ताबा घेतल्यानंतर उघड होणाऱ्या दोषांसाठी असते. आज डोळ्यांसमोर असलेला दोष तिच्यावर ढकलला, तर पावसाळ्यात गळती निघाल्यावर हातात काही उरत नाही. उत्तरात एवढेच शांतपणे लिहावे.

मुदत संपेपर्यंत दुसऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नये. खडूच्या खुणा असलेल्या टाइल्स उखडल्या की पुरावाही उखडला जातो. मुदत संपल्यावर दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी पुन्हा फोटो काढावेत, टाइल उचलल्यावर खालचे मसाल्याचे गोळे दिसतील त्यांचाही फोटो घ्यावा, आणि प्रत्येक खर्चाचे बिल घ्यावे. दुरुस्ती 47,000 रुपयांत झाली, तर 31,000 रुपये ठेकेदाराला परत द्यायचे आहेत. ते न देता ठेवून घेतले, तर पत्रातील आश्वासन तुम्हीच मोडले असे होते. या काळात राहायला जाण्याची घाई असेल, तर गृहप्रवेशापूर्वी एक ओळ लिहून कळवावे की राहायला जाणे म्हणजे वरील चार कामे स्वीकारणे नव्हे.

एवढे करूनही प्रश्न सुटला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली घरबांधणी ही सेवा मानली जाते आणि सेवेचा मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. आपल्या उदाहरणातील 23,80,000 रुपयांचा ठेका त्या मर्यादेत बसतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथे सर्वप्रथम मागितले जातील ते कागद म्हणजे करार, बिल, हे पत्र आणि 2,07,600 रुपये जमा केल्याची पावती.